‘बफरिंग’ची गंमत बंद करायला जवळच्या मित्राला कसं सांगावं

प्रश्न: आम्ही सहा जण कॉलेजपासूनचे मित्र. आठवड्यातून एकदा भेटतो, ग्रुपवर तर रोजच बोलणं असतं. आमच्यातली एक मैत्रीण बोलताना अडखळते. ती अडखळली की माझा सगळ्यात जवळचा मित्र ‘बफरिंग, बफरिंग’ म्हणतो, कधी नक्कलही करतो. सगळे हसतात, तीही हसते, मीही हसतो. पण गेल्या दोन महिन्यांत ती फारशी बोलतच नाही. तो दुखावणार नाही आणि हे बंदही होईल, असं त्याला कसं सांगू?

उत्तर: मित्राशी बोलायच्या आधी तिच्याशी बोला. हे मी चूक करून शिकले आहे. समुपदेशनाच्या कामाला लागून मला फार दिवस झाले नव्हते, तेव्हा एक मुलगा असाच प्रश्न घेऊन आला होता. त्याच्या ग्रुपमध्ये एकाला परीक्षेतल्या अपयशावरून सतत चिडवलं जायचं. आम्ही दोघांनी बसून चिडवणाऱ्याशी काय बोलायचं ते ठरवलं, दोनदा म्हणूनही पाहिलं. तो नीट बोलला. पण पुढच्या भेटीत चिडवणाऱ्याने सगळ्यांसमोर त्या तिसऱ्याला म्हटलं, ‘तू आता वकील पाठवायला लागलास होय?’ त्या बिचाऱ्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. तो परत त्या ग्रुपमध्ये आला नाही. ‘ज्याच्यासाठी बोलणार आहेस, त्याला विचारलंस का?’ हे मीच त्या मुलाला विचारलं नव्हतं. आता माझा पहिला प्रश्न तोच असतो.

तिला विचारायचं ते मेसेज करून विचारा, फोन करून नको. अडखळणाऱ्या बऱ्याच जणांना फोनवर बोलणं समोरासमोर बोलण्यापेक्षा अवघड जातं. समोरच्याचा चेहरा दिसत नाही आणि थोडं थांबलं की पलीकडून ‘हॅलो? हॅलो?’ सुरू होतं. मेसेजवर तिला हवा तितका वेळ मिळेल. ‘तुला किती वाईट वाटत असेल ना’ असं लिहू नका. तिला काय वाटतं ते तुम्ही ठरवल्यासारखं होतं, आणि त्यात कीव येते. स्वतःबद्दल लिहा: ‘ते बफरिंगचं चालतं ना, ते मला आवडत नाही. मीही हसत आलोय, त्याबद्दल सॉरी. मी त्याच्याशी एकट्याशी बोलायचं म्हणतोय, माझ्या नावाने. तुझा विषय काढायचा नसेल तर सांग.’ एवढं पुरे. लगेच उत्तर मागू नका.

तिचं उत्तर बहुतेक ‘जाऊ दे रे, मला सवय आहे’ असं येईल. याला होकार समजू नका आणि नकारही समजू नका. एकदाच विचारा, ‘मी बोललो तर तुझी अडचण होईल का?’ ‘नाही’ म्हणाली तर पुढे जा. ‘प्लीज नको’ म्हणाली तर तिचं ऐका. तिला पुढे काय होईल याची भीती वाटत असेल, आणि ती भीती खोटी नसते. तेव्हाही तुमच्या हातात एक गोष्ट राहतेच, ती म्हणजे हसणं थांबवणं. त्याला कोणाची परवानगी लागत नाही. सहा जणांच्या ग्रुपमध्ये सगळ्यात जवळचा मित्र हसायचा थांबला, तर ते लक्षात आल्याशिवाय राहत नाही.

आता तिच्या हसण्याबद्दल, कारण तुमचा मित्र सगळ्यात आधी तेच पुढे करणार आहे. रॉबर्ट प्रोव्हाइन नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी सार्वजनिक ठिकाणी लोक गप्पा मारताना हसले असे सुमारे १,२०० प्रसंग टिपले. त्यातल्या २० टक्क्यांहून कमी वेळा हसण्याच्या आधी विनोदासारखं काही बोललं गेलं होतं. बाकीच्या वेळी लोक साध्यासुध्या वाक्यांवर हसत होते. बरेचदा आपण ‘मी तुमच्यातलाच आहे’ हे दाखवायला हसतो. पाच जण हसत असताना सहाव्याने गंभीर राहणं म्हणजे बाहेर पडण्यासारखं असतं, म्हणून ती हसते. तिला गंमत वाटते की नाही, हे त्या हसण्यावरून कळत नाही.

ते कळतं तिच्या बोलण्यावरून, आणि ते तुम्ही बरोबर टिपलंय. साधारण १०० प्रौढ माणसांत एक जण अडखळतो. अडखळताना शब्द आठवत नाही असं नसतं. शब्द पक्का माहीत असतो, तो बाहेर पडत नाही. कुठला शब्द अडकणार आहे, हे त्या माणसाला पुष्कळदा दोन-तीन शब्द आधीच कळतं. मग तो वाट बदलतो. ‘मंगळवार’ अडणार असं वाटलं की ‘परवा’ म्हणतो, एखाद्याचं नाव अडणार असेल तर ‘तो रे, आपला तो’ म्हणतो. तेही जमणार नाही असं वाटलं तर सांगायची गोष्टच सोडून देतो. हे सगळं क्षणात घडतं आणि बाहेरून दिसत नाही. ‘बफरिंग’ हा शब्द नेमका त्याच क्षणी येऊन पडतो, तिची सगळी ताकद एका अक्षरावर लागलेली असताना. पुढच्या वेळी शब्दाच्या भीतीत हसण्याची भीती मिसळते, आणि या दोन भीती मिळून अडखळणं वाढवतात. म्हणून ती छोटी उत्तरं देते, ‘हो’, ‘नाही’, ‘बघू’ म्हणते, किस्से सांगत नाही. तुम्हाला दिसलेला दोन महिन्यांचा फरक असाच आला असणार.

तुमच्या मित्राला यातलं काही दिसत नसेल, आणि मला वाटतं तो खोटं बोलत नसेल. जस्टिन क्रुगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिडवण्याचा अभ्यास करून २००६ मध्ये एक लेख प्रसिद्ध केला. चिडवणाऱ्याला स्वतःचा हेतू ठाऊक असतो, म्हणून त्याला आपलं चिडवणं मवाळ वाटतं. ज्याला चिडवलं जातं त्याच्यापर्यंत तो हेतू पोचत नाही, ‘गंमत करतोय’ हे दाखवायचा प्रयत्न केला तरीसुद्धा. याचा तुम्हाला सरळ उपयोग आहे. मित्राशी बोलताना त्याच्या हेतूवर वाद घालू नका. ‘तुझ्या मनात वाईट नाही, हे मला माहीत आहे’ असं एकदा म्हणा आणि तो मुद्दा सोडून द्या. माणूस जितका वेळ आपला हेतू सिद्ध करत राहतो, तितका वेळ तो दुसरं काही ऐकत नाही.

बोलायचं एकट्यात, समोरासमोर, आणि विनोद झाल्याच्या रात्रीच नव्हे. एक-दोन दिवस जाऊ द्या. पण दोन आठवडे नको, तोवर कुठला प्रसंग ते त्याला आठवणार नाही. शक्य असेल तर चालता चालता बोला. शेजारी चालताना नजर भिडवावी लागत नाही आणि गप्प राहणंही अवघडल्यासारखं वाटत नाही. मेसेजवर हे बोलू नका. त्याला तुमचा आवाज ऐकू येणार नाही, आणि स्क्रीनशॉट दुसऱ्या ग्रुपवर जायला वेळ लागत नाही. हो, तिला मेसेज करा म्हणाले आणि त्याला नको म्हणते, कारण दोघांच्या अडचणी वेगळ्या आहेत.

सुरुवात लांबवू नका. ‘तू माझा किती चांगला मित्र आहेस, तुझ्यामुळे ग्रुपमध्ये मजा येते, पण…’ असं सुरू केलंत की तो ‘पण’ची वाट बघत बसतो आणि आधीचं सगळं खोटं वाटायला लागतं. तुमच्यासारख्याच एका तरुणाने माझ्यासमोर पहिल्यांदा म्हणून पाहिलं ते असं होतं: ‘अरे, तू ना तिची नेहमी खेचतोस, जरा सांभाळून बोलत जा, तिला खूप वाईट वाटतं, सगळे म्हणतात.’ मी त्याला ते वाक्य कागदावर लिहायला लावलं आणि आम्ही एकेक शब्द पाहिला. ‘नेहमी’ म्हटलं की मित्र, आपण केव्हा केव्हा खेचली नाही ते सांगायला लागेल. ‘तिला वाईट वाटतं’ म्हटलं की तो तिला जाऊन विचारेल. ‘सगळे म्हणतात’ म्हटलं की हे माझ्यामागे बोलतात, हा राग येईल आणि मूळ गोष्ट बाजूला पडेल. आणि ‘सांभाळून’ म्हणजे नेमकं काय करायचं? आवाज कमी करायचा? आठवड्यातून एकदाच म्हणायचं? तो मनापासून ‘हो’ म्हणेल आणि पुढच्या भेटीत जरा हळू आवाजात ‘बफरिंग’ म्हणेल.

आम्ही ते बदलून असं केलं: ‘एक बोलायचं होतं. शनिवारी ती ट्रेनचं सांगत होती, मध्ये अडकली, तू बफरिंग म्हणालास आणि आपण सगळे हसलो. मीही हसलो. नंतर तिने ती गोष्ट पुरी केलीच नाही. मला ते डाचतंय. तुझ्या मनात वाईट नसतं, हे मला माहीत आहे. पण तिच्या अडखळण्यावरचे विनोद आणि नक्कल, दोन्ही बंद कर. माझी एवढी विनंती आहे.’

यात एकच प्रसंग आहे आणि तो दोघांनीही डोळ्यांनी पाहिलेला आहे. ‘गोष्ट पुरी केली नाही’ हे घडलेलं आहे, त्यावर वाद होऊ शकत नाही. डाचतंय ते बोलणाऱ्याला. तिच्या तोंडी काही घातलेलं नाही. आणि काय बंद करायचं ते इतकं स्पष्ट आहे की उद्या ते झालं की नाही, हे कोणीही सांगू शकेल. एवढं बोलून थांबा. हे थांबणं सगळ्यात कठीण असतं. शांतता झाली की आपण घाबरतो आणि ‘म्हणजे तसं फार काही नाही रे, बघ तुला वाटलं तर’ असं म्हणून आपलंच बोलणं मागे घेतो. मनात दहा आकडे मोजा. त्याला बोलू द्या.

तो ‘ती स्वतः हसते की!’ म्हणाला, तर ‘हो, हसते. आणि मग गप्प होते. तू पुढच्या वेळी बघ’ एवढंच म्हणा. ‘तूही हसतोस’ म्हणाला, तर ताबडतोब मान्य करा, ‘हो, चुकलं माझं, म्हणून मी आता थांबतोय.’ इथे कुरकुर केलीत तर सगळं तिथेच संपेल. ‘मग काय बोलायचंच नाही का आता?’ असं चिडून म्हणाला, तर त्याला समजेल अशी सीमा दाखवा. ती उशिरा येते, तिची टीम हरते, ती भलतेच फोटो टाकते, यावर ती स्वतः उलटून बोलते आणि त्याचीही खेचते. अडखळण्यावर तिला उलट बोलता येत नाही, कारण उलट बोलायलाच तर अडखळावं लागतं. ही गोष्ट अनेकांनी सांगून पाहिली आहे, आणि पुष्कळदा समोरचा इथेच गप्प होतो. त्याने याआधी तसा विचार केलेला नसतो.

‘तिने तुला सांगितलं का?’ हा प्रश्न येणार, त्याची आधी तयारी ठेवा. खोटं बोलू नका आणि तिचा मेसेजही दाखवू नका. ‘मला दिसलं म्हणून मी बोलतोय. ती तक्रार घेऊन आलेली नाही. आणि तू तिला जाऊन विचारू नकोस, तिची पंचाईत होईल.’ हे शेवटचं वाक्य जरूर बोला. चांगल्या मनाचे मित्र हमखास हीच चूक करतात. त्यांना इतकं अपराधी वाटतं की पुढच्याच भेटीत सगळ्यांसमोर ‘सॉरी यार, तुला खरंच वाईट वाटायचं का?’ असं विचारतात. मग पाच जणांच्या नजरा तिच्यावर, आणि तिला अडखळत ‘नाही रे’ म्हणावं लागतं. त्याला माफी मागायचीच असेल, तर ती एकट्यात आणि एका ओळीत मागू दे, उत्तर न मागता. ‘मी ते बफरिंगचं बंद केलंय, सॉरी’ एवढं पुरतं.

तुम्ही मुलगा आहात, तेव्हा आणखी एक टोमणा येऊ शकतो: ‘काय रे, तुझं तिच्यात काही आहे का?’ त्याला अडकायचं नसतं तेव्हा तो असा विषय बदलतो. रागावू नका, खुलासेही देऊ नका. ‘नाही. मी बफरिंगचं बोलत होतो’ म्हणून परत मूळ जागी या. लागलंच तर दोनदा या, त्याच शब्दांत.

बोलणं झाल्यावर लगेच दुसरा विषय काढा, नेहमीसारखे वागा. त्याने ‘हो, चुकलं’ म्हणायलाच हवं असा हट्ट नको. पुष्कळ जण तोंडाने ‘तू फारच सीरियस घेतोस’ म्हणतात आणि पुढच्या आठवड्यापासून बंद करतात. तुम्हाला विनोद बंद व्हायला हवाय. कबुली मिळाली नाही तरी चालेल.

पुढच्या भेटीत तो चुकेल, असं धरून चला. जुनी सवय आहे, शब्द तोंडावर येणार. तेव्हा सगळ्यांसमोर त्याला टोकू नका, नाहीतर इतका वेळ एकट्यात बोलून जे जपलं ते वाया जाईल. करायचं ते साधं आहे. हसू नका, त्याच्याकडे बघू नका, तिच्याकडे बघून तिचे शेवटचे शब्द परत द्या: ‘हं, मग ट्रेन सुटली आणि?’ एवढ्याने विनोद हवेत राहतो आणि बोलण्याची पाळी तिच्याकडे परत जाते. तिच्या तोंडातला शब्द मात्र ओढून घेऊ नका. वाक्य पुरं करून देणं मदतीसारखं वाटतं, पण आपल्यावर वेळ संपल्याची घंटा वाजली, असंच अडखळणाऱ्याला वाटतं. पुष्कळदा तर आपण भरलेला शब्द चुकीचा असतो, आणि मग तिला दोनदा खटपट करावी लागते. ग्रुपवरही एकदा नजर टाका. तिचं टोपणनाव, त्यावरून बनवलेला स्टिकर, कोणाच्या तरी फोनमध्ये राहिलेला नकलेचा व्हिडिओ, हे सगळं बंद झाल्यावरही कधीतरी वर येतं. स्टिकर मित्राने बनवला असेल तर तो काढून टाकायला त्यालाच एकट्यात सांगा.

फरक पडला की नाही, हे एका भेटीत कळत नाही. चार-पाच भेटी बघा. कोणी ‘बफरिंग’ म्हणत नाही, हे पुरेसं नाही. ती स्वतःहून एखादी लांब गोष्ट सुरू करते का, मध्ये अडखळली तरी शेवटपर्यंत जाते का, नाव टाळण्याऐवजी नाव घेते का, हे बघा. हे सावकाश येतं. अडखळणं स्वतः कमी होईल अशी अपेक्षा ठेवू नका. ते दिवसागणिक, माणसागणिक कमीजास्त होतच असतं. त्यावर काम करायचं की नाही, स्पीच थेरपिस्टकडे जायचं की नाही, हा तिचा निर्णय आहे. तुम्ही सुचवू नका.

आणि त्याने थांबवलंच नाही तर? दुसऱ्यांदा बोला, पहिल्यापेक्षा कमी शब्दांत, आणि या वेळी तुम्ही काय करणार ते सांगा: ‘आपलं बोलणं झालं होतं. पुन्हा झालं तर मी त्याच क्षणी म्हणणार आहे, की मला हे आवडत नाही. सगळ्यांसमोर म्हणणार आहे. तुला आधी सांगून ठेवतोय.’ ही धमकी वाटू नये म्हणून आवाज शांत ठेवा, आणि वेळ आली तर तेवढंच म्हणा. त्याची लाज काढू नका, जुने प्रसंग उकरू नका. पण दुसऱ्या बोलण्यानंतर तो मुद्दाम जास्त करू लागला, तिच्या मागे तिच्या नकला करू लागला, किंवा हे बाकीच्या गोष्टींतही पसरलं, तर गमतीचा भाग तिथे संपला. मग तुम्ही एकट्याने त्याला समजावत बसू नका. बाकीच्यांपैकी ज्याला हे आधीपासून खटकत होतं, त्याच्याशी बोला. असा एक तरी जण असतो, तोही तुमच्यासारखाच हसत आलेला असतो.

ज्या तरुणाचं वाक्य वर दिलंय, तो दीड महिन्याने परत आला. विनोद बंद झाला होता, पण त्याच्या मित्राने आता नवीनच सुरू केलं होतं. ती अडखळली की तो हात वर करून इतरांना म्हणायचा, ‘थांबा थांबा, तिला बोलू द्या.’ मनापासून म्हणायचा. ती आणखी लाल व्हायची. मी त्याला म्हटलं, हेही एकट्यात सांग आणि असं सांग: काही बोलायचं नाही, हात वर करायचा नाही, फोनमध्ये बघायचं नाही. तिच्याकडे बघायचं, इतर कोणी बोलताना बघतो तसंच, आणि तिचा शब्द येईपर्यंत थांबायचं.